रडू नका, बघा!

ब्रेख्तचं ‘मदर करेज’ १९४१मध्ये झुरिकला रंगमंचावर आलं, तेव्हा युद्धात मुलं गमावणाऱ्या फेरीवालीसाठी लोक हळहळले. ब्रेख्तला ते खटकलं, कारण ही बाई युद्धावरच पोट भरते. बर्लिनच्या १९४९च्या प्रयोगासाठी त्याने काही प्रसंग बदलले. आधी जखमींच्या पट्ट्यांसाठी ती स्वतःहून सदरे फाडून देई. आता ते तिच्याकडून हिसकावून घ्यावे लागतात. शेवटी मुलीच्या दफनासाठी पैसे मोजताना ही भूमिका करणारी हेलेन वायगेल एक नाणं परत थैलीत टाकी. दुरावा साधायचा तो अशा बारीक कृतीतून. तरीही प्रेक्षक रडलेच! वायगेलचा अभिनय इतका जिवंत होता की हिशेबी बाईतही त्यांना आईच दिसली.