नाल्यातला गाय

अमरावती जिल्ह्यातल्या एखाद्या गावची ग्रामसभा चालू आहे, असं समजा. कुणीतरी मोबाइलवर सगळं रेकॉर्ड करतंय. बोलून बोलून कंटाळलेली एक बाई उठते आणि म्हणते, “मांगच्या वर्षी नाल्यातला गाय काढला, पन पानी काही थांबलं नाही. मले इहिरीचे पैसे भेटले नाही. मजूर अजून खोदून राहिले.” सभेतल्या कुणालाही यात काही अडत नाही. नाल्यातला गाळ काढला, बाईला विहिरीचे पैसे मिळाले नाहीत आणि मजूर अजून खोदतायत.

आता हे रेकॉर्डिंग बोललेल्याचं लिखाण करून देणाऱ्या सॉफ्टवेअरला दिलं, तर साधारण असा मजकूर हाती येऊ शकतो: “मागच्या वर्षी नाल्यातला गाय काढला पण पाणी काही थांबलं नाही मुले विहिरीचे पैसे भेटले नाही मजूर अजून खोदून राहिले.” वरवर पाहता वाईट नाही. शब्द बहुतेक सगळे मराठी, चुकलाय म्हणावा तर एखादाच. पण याचा सारांश काढायला सांगा: “गेल्या वर्षी नाल्यातून गाय बाहेर काढण्यात आली. मुलांना विहिरीचे पैसे मिळाले नाहीत. मजुरांचे खोदकाम राहिले आहे.” तीन वाक्यं, तिन्ही चुकीची, आणि तिन्ही वाचायला अगदी स्वच्छ. हाच मजकूर इतिवृत्तात गेला तर ज्या बाईचे पैसे अडकलेत तिचा त्यात उल्लेखच नाही.

असं का होतं, ते समजायला फार तांत्रिक होण्याची गरज नाही. यंत्र आवाज ऐकतं, त्या आवाजाला जुळणारे काही शब्द समोर धरतं आणि आधीच्या-पुढच्या शब्दांकडे बघून त्यातला सर्वांत संभवनीय निवडतं. संभवनीय म्हणजे काय, हे ते शिकवणीतल्या मजकुरावरून ठरवतं. त्या शिकवणीत बातम्या आणि वाचून दाखवलेली प्रमाण मराठीतली वाक्यं भरपूर असतात, वऱ्हाडी बोलणं थोडं. ‘मले’ म्हणजे ‘मला’ हे रूप वर्तमानपत्रात जवळपास येत नाही, ‘मुले’ मात्र रोज येते. दोन्हींच्या आवाजात एका स्वराचा फरक. यंत्राची निवड त्याच्या दृष्टीनं बरोबरच असते. बोलीनुसार आवाज गोळा करण्याची कामं आता सुरू आहेत. बंगळूरूच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या ‘वाणी’ प्रकल्पात तर जिल्हावार बोलणं नोंदवलं जातं. पण त्याचा फायदा आपल्या हातातल्या ॲपपर्यंत पोचेपर्यंत चुका आपल्यालाच शोधायच्या आहेत.

शोधायला मराठी स्वतःच मदत करते. ‘नाल्यातला गाय काढला’ हे वाक्य पुन्हा पाहा. गाय स्त्रीलिंगी, मग ‘नाल्यातला’ कसं आणि ‘काढला’ कसं? व्याकरण इथं अडखळतं. मूळ शब्द पुल्लिंगी होता, हे क्रियापद आणि विशेषण दोन्ही सांगतायत. वऱ्हाडीत ‘ळ’चा ‘य’ होतो (शाळा म्हणजे शाया, डोळे म्हणजे डोये), हे ज्याला ठाऊक आहे त्याला गाळ सापडायला एक क्षण पुरतो. ‘मुले पैसे भेटले नाही’ इथंही तसंच. मुलांचा आणि पैसे मिळण्याचा सांधाच जुळत नाही, ‘मुलांना’ हवं होतं. लिंग, वचन, विभक्ती जिथं फिसकटते तिथं खूण करायची आणि ती जागा पुन्हा ऐकायची.

आणि हे सारांशाच्या आधीच करायला हवं, कारण सारांश काढणारा, यंत्र असो वा माणूस, ही फिसकट नकळत दुरुस्त करतो. ‘गाय काढला’चं ‘गाय काढण्यात आली’ होतं आणि चुकीचा एकुलता एक पुरावा नाहीसा होतो. सारांश वाचून चूक पकडू म्हणणं म्हणजे घर झाडून झाल्यावर पावलांचे ठसे शोधणं.

तिसऱ्या वाक्याची भानगड वेगळी आहे. ‘खोदून राहिले’ हे यंत्रानं अचूक लिहिलंय. चुकला तो अर्थ. वऱ्हाडी-नागपुरीत ‘करून राहिला’ म्हणजे ‘करतोय’. पुण्याच्या कानाला त्यात काम उरल्याचा किंवा संपल्याचा भास होतो. मराठवाड्यात हेच काम ‘करायलो’ करतं: “दोन वर्षं चकरा मारायलो” म्हणजे मारतोय. यंत्र त्याचं ‘चकरा मारायला’ करून टाकू शकतं आणि वाक्य क्रियापदाविना लोंबकळत राहतं. असं अर्धवट वाक्य मराठवाड्यातल्या रेकॉर्डिंगमध्ये दिसलं की पहिला संशय ‘यलो’चा घ्यावा.

सर्वांत त्रासदायक चुका मात्र व्याकरणाला धक्का न लावणाऱ्या. “टाकीत पाणी चढेना” हे “टाकीत पाणी चढेल ना” असं लिहिलं गेलं तर वाक्य निर्दोष आहे आणि अर्थ बरोबर उलटा. ‘चढेना’, ‘येईना’, ‘मिळेना’ ही रूपं प्रमाण भाषेतही आहेत, पण गावाकडच्या रोजच्या बोलण्यात नकार असा क्रियापदाच्या पोटातच शिरतो. इथं व्याकरण उपयोगाचं नाही, आजूबाजूची वाक्यं लागतात. पाणी चढणार असेल तर पुढच्याच वाक्यात टँकर कशाला मागितला? म्हणून मजकुरात ‘ल ना’ जिथं जिथं येतं ती प्रत्येक जागा शोधून ऐकावी. तासाभराच्या सभेत अशा जागा फार नसतात. आकड्यांचंही तसंच. ‘वीस’मधला ‘व’ गळून ‘ईस’ उरला की तो ‘तीस’ होऊ शकतो, आणि ‘सतरा’-‘सत्तर’चा घोळ तर बोलीविनाही होतो. नकार आणि आकडे, एवढं तरी कानानं तपासल्याशिवाय पुढं जाऊ नये.

लिंगाचा नियम सगळीकडे चालतो असंही नाही. कोल्हापूरकडच्या ग्रामीण बोलण्यात बायका ‘मी जातो’, ‘मी आलो’ म्हणतात. तिथं जुळत नाही म्हणून ‘जाते’ करायला जाणारा बरोबर मजकूर बिघडवतो, आणि तसाच ठेवणाऱ्याच्या सारांशात ती बाई ‘एक शेतकरी, तो’ होऊन बसते. म्हणून मजकुराच्या माथ्यावर कोण बोललं आणि कुठल्या भागातलं, एवढं आधी लिहून ठेवावं.

कोण बोललं, हे आणखी एका कारणासाठी हवं. चुका सगळ्यांच्या वाट्याला सारख्या येत नाहीत. ग्रामसेवक प्रमाण मराठीत बोलतो, त्याचं जवळपास सगळं बरोबर उतरतं. शंभर शब्दांत किती चुकले ही सरासरी काढली तर ती दिसायला चांगलीच येते, कारण सभेत तोच जास्त बोललेला असतो. बोलणाऱ्यागणिक चुका मोजल्या की कुठं ऐकायला बसायचं ते कळतं.

आणि ऐकायला बसवायचं तर त्याच भागातल्या माणसाला. त्याला आधी मजकूर दाखवू नये. पडद्यावर ‘मुले’ वाचलं की कानालाही ‘मुले’च ऐकू येतं. संशयास्पद शब्दाच्या आधीपासून दहाएक सेकंदांचा तुकडा लावावा आणि काय ऐकलं ते त्याच्याकडून आधी वदवून घ्यावं. बोलीतलं मूळ रूप मजकुरात तसंच ठेवावं, अर्थ शेजारी कंसात द्यावा: ‘मले (मला)’, ‘खोदून राहिले (खोदत आहेत)’. सारांश काढणाऱ्याकडे हाच मजकूर जावा. दोनदा ऐकूनही लागलं नाही तर तिथं ‘अस्पष्ट’ लिहून वेळ टाकावी, १४:३२ अशी, आणि ते वाक्य सारांशातून सरळ वगळावं.