दोन शिट्ट्यांच्या मधला व्यायाम

‘व्यायाम कर’ म्हटलं की घर सांभाळणाऱ्या बाईचं उत्तर ठरलेलं असतं: ‘मग दिवसभर मी काय करते?’ तिची दमणूक खरी आहे. पण नुसतं दमल्याने ताकद वाढत नाही. स्नायू बळकट होतो तो सवयीपेक्षा जास्त भार पडल्यावर. पाण्याची कळशी सुरुवातीला जड लागते, पुढे अंगवळणी पडते. कळशी तेवढीच राहते, म्हणून ताकदही तिथेच थांबते.

भार हळूहळू वाढवायला घरातला सगळ्यात सोयीचा डंबेल म्हणजे तेलाचा पाच लिटरचा रिकामा कॅन. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. त्यामुळे बाटलीने मोजून हवं तेवढं वजन भरता येतं.

कुकर लावला की एक हात ओट्यावर टेकवा, पाठ सरळ ठेवून कमरेतून पुढे झुका आणि दुसऱ्या हाताने कॅन बरगडीपर्यंत ओढा. कोपर मागे, कमरेच्या दिशेने जाऊ द्या. पाठीचे आणि दंडाचे स्नायू यात कामाला लागतात. समजा, तीन लिटरचा कॅन आठ वेळा सहज वर आला आणि दहाव्या वेळी, जोर लावूनही, हळू येऊ लागला. तिथे थांबा. हा आपोआप मंदावणारा वेगच पुरेसा भार पडल्याची खूण. विसाव्या वेळीही वेग तोच असेल, तर कॅन हलका आहे. पंधरापर्यंत मजल गेली की एक लिटर वाढवा. आकडा पुन्हा दहावर येईल, आणि यायलाच हवा.

दुपारी ओट्याच्या कडेवर हात टेकवून तिरपे जोर काढा. संध्याकाळी भिंतीला टेकवलेल्या स्टुलावर, हाताचा आधार न घेता, सावकाश बसा-उठा; हे सोपं झालं की कॅन छातीशी धरा. प्रत्येक तुकडा दोन-तीन मिनिटांचा. मधल्या तासांमुळे काही वाया जात नाही. उलट पुढचा तुकडा ताज्या दमाने होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2020च्या मार्गदर्शक सूचनांनुसार मोठ्या स्नायूंना असा व्यायाम आठवड्यातून किमान दोन दिवस हवा. एकाआड एक दिवस केला, तर स्नायूंना सावरायलाही वेळ मिळतो.

अर्धवट भरलेल्या कॅनमध्ये पाणी डचमळतं, म्हणून झटका देऊ नका. ओटा आणि फरशी कोरडी असू द्या. श्वास रोखला तर रक्तदाब एकदम चढतो; उचलताना श्वास सोडा. दुसऱ्या दिवशी स्नायू दोन्ही बाजूंनी सारखे ठणकले तर चिंता नको. पण सांध्यात टोचल्यासारखं दुखलं, पायात कळ उतरली किंवा जोर लावताना लघवीचे थेंब गेले, तर व्यायाम थांबवून डॉक्टरांना दाखवा. रक्तदाब किंवा हर्निया असेल तर सुरू करण्याआधीच विचारा.

कॅनची मर्यादा पायांना आधी जाणवते, कारण मांड्या पाच किलोला लवकर सरावतात. मग पाठीवरच्या सॅकमध्ये पिठाच्या पिशव्या भरा. बसणं-उठणं तेच ठेवा, वजन वाढवा.