मौन म्हणजे खुशाली नव्हे

ईमेलची यंत्रणा मुळातच चिवट आहे. समोरचा सर्व्हर बंद असला, तर पाठवणारा सर्व्हर पत्र टाकून देत नाही. ते रांगेत ठेवतो आणि थोड्या थोड्या वेळाने पुन्हा पाठवून पाहतो. पोस्टफिक्स हा जगभर वापरला जाणारा मेल सर्व्हर, त्याची मुदत बदलली नसेल तर, पाच दिवस असे प्रयत्न करत राहतो. ‘तुमचे पत्र अडकले आहे’ अशी मधली सूचना मात्र तो आपणहून देत नाही. ती सोय मुद्दाम चालू करावी लागते. वेबसाइट बंद पडली की लगेच कोणाचा तरी फोन येतो. मेल अडकली तर पाठवणाऱ्याला ती गेली असे वाटते आणि घेणाऱ्याला ती येणार होती हेच ठाऊक नसते. म्हणून मेल सर्व्हरवर देखरेख ठेवताना ‘तो चालू आहे का’ हा प्रश्न पुरत नाही. रांग किती वाढली, प्रमाणपत्र कधी संपते, आपला पत्ता काळ्या यादीत गेला आहे का आणि डिस्कवर जागा किती उरली, हे चार साधे प्रश्न बहुतेक बिघाड वेळेत दाखवतात. मात्र एक अट आहे: उत्तर आले नाही, तर ते ‘सर्व ठीक’ म्हणून धरायचे नाही.

समजा, एका पतसंस्थेचा स्वतःचा छोटा मेल सर्व्हर आहे. शुक्रवारी रात्री एका कर्मचाऱ्याचा पासवर्ड चोरीला जातो आणि त्याच्या खात्यातून हजारो फसवी पत्रे सुटू लागतात. त्यातले बरेच पत्ते बनावट किंवा बंद असतात, शिवाय मोठ्या मेल कंपन्या एकाच पत्त्यावरून अचानक येणारा ओघ थोपवून धरतात. त्यामुळे सर्वात आधी फुगते ती रांग. एरवी तिच्यात पंधरा-वीस पत्रे असतील, तर तासाभरात ती हजारांत जाते. रांगेतली पत्रे मोजायला एक ओळ पुरते:

```
postqueue -j | wc -l
```

ही ओळ दर पाच मिनिटांनी चालवली, तर शुक्रवारी रात्रीच इशारा मिळतो. मग लॉगमध्ये `sasl_username` शोधून कोणते खाते वापरले जात आहे ते पाहायचे, पासवर्ड बदलायचा आणि रांगेतली फसवी पत्रे काढून टाकायची. धोक्याची मर्यादा मात्र पुस्तकातून उचलता येत नाही. आपल्या सर्व्हरची रांग पंधरा दिवस मोजावी आणि नेहमीच्या कमाल आकड्याच्या तीन-चार पट मर्यादा ठेवावी. एक खाचही ध्यानात घ्यावी: `postqueue` काही कारणाने चाललेच नाही, तर `wc` शून्य मोजते, आणि रिकामी रांग तर उत्तम दिसते. म्हणून आधी ती आज्ञा यशस्वी झाली का हे पाहायचे आणि मगच आकड्यावर विश्वास ठेवायचा.

रात्री कोणी पाहिले नाही, तर पुढचा टप्पा येतो काळ्या यादीचा. स्पॅमहाउससारख्या संस्था स्पॅम पाठवणाऱ्या पत्त्यांच्या याद्या ठेवतात आणि अनेक सर्व्हर पत्र स्वीकारण्याआधी त्या तपासतात. चौकशीची रीत सोपी आहे. आयपी पत्त्याचे चार आकडे उलटे लिहायचे, पुढे यादीचे नाव जोडायचे आणि डीएनएसला विचारायचे. 192.0.2.25 या पत्त्यासाठी ते असे होते:

```
dig +short 25.2.0.192.zen.spamhaus.org
```

उत्तर 127.0.0 ने सुरू झाले तर पत्ता यादीत आहे. काहीच आले नाही तर नाही. पण डीएनएसला ती चौकशी पूर्ण करता आली नाही, तरीही काहीच न येण्याची शक्यता असते. शिवाय ही चौकशी 8.8.8.8 सारख्या सार्वजनिक डीएनएसमार्फत केली, तर स्पॅमहाउस 127.255.255.254 असे कळवते. त्याचा अर्थ ‘पत्ता यादीत आहे’ असा नसून ‘अशा वाटेने विचारू नका’ असा आहे. त्यासाठी स्वतःचा डीएनएस रिझॉल्व्हर लागतो. यावर एक नेमका उपाय आहे. 127.0.0.2 हा चाचणीचा पत्ता अशा यादीत नेहमी असायला हवा आणि 127.0.0.1 कधीच नसायला हवा. दोन्हींची चौकशी आधी करायची. उत्तरे अपेक्षेप्रमाणे आली तरच आपल्या पत्त्याचे उत्तर खरे मानायचे. ही काळजी अनाठायी नाही. 2015 मध्ये एएचबीएल ही बंद झालेली यादी विचारलेला प्रत्येक पत्ता काळ्या यादीत असल्याचे सांगू लागली होती. आपला पत्ता खरोखर यादीत आढळला, तर आधी चोरीचे खाते बंद करावे आणि मगच नाव काढण्याची विनंती करावी. मूळ कारण शिल्लक असताना नाव काढले, तर ते पुन्हा चढते.

प्रमाणपत्राचा बिघाड वेगळ्या जातीचा आहे, कारण त्याची तारीख आधीच ठाऊक असते. लेट्स एन्क्रिप्टचे नेहमीचे प्रमाणपत्र 90 दिवसांचे असते आणि सर्टबॉट ते साधारण 30 दिवस उरले असता बदलतो. मुदत संपत आल्याची आठवण करणारी पत्रे या संस्थेने 2025 च्या जूनमध्ये बंद केली, त्यामुळे लक्ष आपणच ठेवायचे. नेहमीची चूक म्हणजे डिस्कवरची फाइल तपासणे. फाइल नवी झालेली असते, पण डव्हकॉटला पुन्हा वाचायला सांगितलेले नसेल तर तो जुनेच प्रमाणपत्र दाखवत राहतो. म्हणून मेल वाचणारा फोन ज्या दाराने येतो, त्याच दाराने तपासावे:

```
openssl s_client -connect mail.example.org:993 \
  -servername mail.example.org </dev/null |
  openssl x509 -noout -checkend 1209600
```

शेवटचा आकडा म्हणजे 14 दिवसांचे सेकंद. तेवढीच मुदत उरली असेल, तर आपोआप होणारे नूतनीकरण दोन आठवड्यांपासून अडले आहे आणि दुरुस्तीला अजून दोन आठवडे हातात आहेत. या आज्ञेचा खरा गुण असा की जोडणीच झाली नाही, तरीही ती अपयशच कळवते. प्रत्येक तपासणी अशीच लिहिलेली हवी.

डिस्कबाबत `df -h` सगळेच पाहतात, `df -i` थोडे. मेलडिर पद्धतीत प्रत्येक पत्र ही एक फाइल असते आणि ईएक्सटी4 मध्ये फाइलींची कमाल संख्या फाइलप्रणाली तयार करतानाच ठरते. म्हणजे जागा शिल्लक असूनही नवे पत्र लिहिता न येण्याची वेळ येऊ शकते. इथेही टक्क्यांपेक्षा वेळ मोजावा: 20 जीबी उरले आणि रोज एक जीबी भरत असेल, तर वीस दिवस आहेत, रोज पाच भरत असतील, तर चारच.

यावर कोणी म्हणेल, यासाठी मोठ्या देखरेख प्रणाली आहेत. आहेत, आणि मोठ्या ताफ्याला त्या हव्यातच. पण एकाच सर्व्हरच्या संस्थेत ती प्रणाली सांभाळणारा माणूस नसतो, आणि तिच्यातही मर्यादा आपल्यालाच ठरवाव्या लागतात. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: इशारे फार झाले की माणसे ते वाचणे सोडतात. म्हणून ज्यावर कोणीतरी काहीतरी करायचे आहे तोच इशारा ठेवावा, आणि ‘सर्व ठीक’ अशी रोजची पत्रे बंद करावीत. पण मग तपासणीच थांबली तर कळणार कसे? त्यासाठी दुसऱ्या यंत्राने ठरावीक वेळी या तपासण्यांची नोंद येते का ते पाहावे आणि ती चुकली की इशारा द्यावा. तो इशारा एसएमएसने किंवा अन्य मार्गाने यावा, त्याच मेल सर्व्हरमार्फत नव्हे.

ज्यांच्याकडे असा सर्व्हर आहे, त्यांनी या चार तपासण्या बसवल्यावर प्रत्येक एकदा मुद्दाम बिघडवून पाहावी. तिचा इशारा फोनवर आला नाही, तर ती तपासणी अजून बसलेली नाही असेच समजावे.