हबीबी कोणाला, हबिब्ती कोणाला?

अमेरिकेत मिशिगन राज्यातल्या डिअरबॉर्नमध्ये वॉरन अव्हेन्यूवरून चाललं, की दुकानांच्या पाट्या इंग्रजीबरोबर अरबीतही दिसतात. फोर्डच्या मोटार कारखान्यामुळे इथे लेबनीज, येमेनी कुटुंबं आली, पुढे इराकीही आले. २०२० च्या जनगणनेत गावातल्या निम्म्याहून जास्त लोकांनी आपली मुळं अरब किंवा मध्यपूर्वेतली असल्याचं सांगितलं. इथल्या बेकरीत मागे उभं राहून ऐकलं तर एकच बाई मुलाला ‘हबीबी’ म्हणते आणि त्याच्या बहिणीला ‘हबिब्ती’. अरबी शिकायला लागलेला माणूस नेमका इथे गोंधळतो.

मराठी माणसाचा गोंधळ तर ठरलेलाच. आपल्याकडे बाई ‘मी जाते’ म्हणते आणि पुरुष ‘मी जातो’; बोलणाऱ्याचं लिंग क्रियापदात उतरतं. समजा, डेट्रॉइटजवळ राहणाऱ्या एका मराठी मुलीला दुकानातल्या बायका रोज ‘हबिब्ती’ म्हणतात. हा बायकांनी वापरायचा शब्द आहे, असं तिला वाटतं आणि ती मैत्रिणीच्या धाकट्या भावाला लाडाने ‘हबिब्ती’ म्हणते. सगळे हसतात, कारण तिने त्या पोराला मुलगी करून टाकलेलं असतं. बोलणारी बाई असो की बाप्या, शब्द ठरतो तो ऐकणाऱ्यावरून. शेवटची ‘ई’ म्हणजे ‘माझा’ किंवा ‘माझी’, आणि ती कोणाच्याही तोंडी तशीच राहते.

मग मधला ‘त’ कुठून आला? ‘हबीब’ म्हणजे प्रिय, त्याचं स्त्रीलिंग ‘हबीबा’. महबूब-महबूबा ही जोडी आपल्याला हिंदी सिनेमाने शिकवलीच आहे, आणि ती याच धातूची. अरबीत या शेवटच्या ‘आ’साठी एक खास अक्षर आहे, ‘ता मर्बूता’. एरवी त्यातला ‘त’ ऐकू येत नाही, पण पुढे ‘माझी’चा प्रत्यय लागला की तो उघडा होतो. ‘हबीबा’ला ‘ई’ जोडली की ग्रांथिक अरबीत ‘हबीबती’ होतं. बोलीत मधला ‘अ’ गळतो, ‘बी’ आखूड होतो आणि उरतं ‘हबिब्ती’. हा लपलेला ‘त’ फारसीमार्गे आपल्या घरातही येऊन राहिला आहे: किंमत, दौलत, अदालत, इमारत हे शब्द मूळ अरबीत एकटे उच्चारले तर त्यांचा ‘त’ ऐकूच येत नाही.

अमेरिकेतल्या विद्यापीठांत वर्षानुवर्षं चालत आलेलं ‘अल-किताब’ हे पाठ्यपुस्तक ग्रांथिक भाषेबरोबर इजिप्शियन आणि शामी बोलीही शिकवतं. तरी वर्गात पाठ केलेलं ‘हबीबती’ बेकरीत म्हटलं तर ते पुस्तकी वाटतं. उच्चारातही एक खूण आहे: ‘हबीबी’त ‘बी’ लांब ओढायचा, ‘हबिब्ती’त ‘बि’ चटकन म्हणून ‘ती’वर जायचं. पहिला ‘ह’ आपल्यापेक्षा खोल, घशातून येतो.

‘त’ दिसला की शब्द फक्त बाईसाठी, असं मात्र धरून चालू नये. ‘हयाती’ म्हणजे ‘माझं जीवन’. तिथला ‘त’ ‘हयात’ या नामाचाच आहे, त्यामुळे नवऱ्यालाही ‘हयाती’ आणि बायकोलाही ‘हयाती’. ‘रूही’ (माझा जीव), ‘उमरी’ (माझं आयुष्य), इराकी माणसांच्या तोंडी सतत येणारं ‘ऐनी’ (माझा डोळा) हेही तसेच. शब्द माणसाचं वर्णन करत असेल तर ऐकणाऱ्याप्रमाणे बदलतो. वस्तूचं नाव लाडाने वापरलं असेल तर बदलत नाही. ही कसोटी बहुतेक ठिकाणी टिकते.

मग गाण्यांचं काय? अम्र दियाबचं १९९६ चं ‘नूर अल-ऐन’ ऐकून कित्येकांनी ‘हबीबी’ उचललं. अरबी प्रेमगीतांत प्रेयसीलाही पुल्लिंगी संबोधन करायचा जुना रिवाज आहे, उर्दू गझलेत असतो तसाच. त्यामुळे गाण्यावरून लिंग ठरवू नये. घरातही लेबनीज आई लेकीला सर्रास ‘हबीबी’ म्हणते आणि कोणाला ते खटकत नाही. उलट दिशा बंद: पुरुषाला ‘हबिब्ती’ म्हटलं की ती चूक तरी असते किंवा टिंगल.

व्याकरण जमलं तरी नातं सांभाळावं लागतं. दुकानदार पुरुष गिऱ्हाइकाला ‘हबीबी’ म्हणतो तेव्हा त्यात आपल्या ‘मित्रा’ किंवा ‘भाऊ’पेक्षा जास्त काही नसतं, भांडणात तर हाच शब्द दात-ओठ खाऊनही येतो. पण नवशिक्या पुरुषाने अनोळखी बाईला ‘हबिब्ती’ म्हटलं तर ती सलगी वाटते. शेजारच्या आजीने म्हटलं तर माया. उत्तर काय द्यावं हे सुचत नसेल तर शामी बोलीतलं ‘यिस्लमू’ वापरावं: आभार मानण्याचा हा शब्द बाई-पुरुष दोघांनाही चालतो.