मुळाच्या टोकाशी काळा डाग

आमच्या पनवेलच्या दवाखान्यात एक्स-रेला सगळे ‘फोटो’ म्हणतात. फोटो स्क्रीनवर आला आणि दाताच्या मुळाच्या टोकाशी काळा गोल डाग दिसला, की खुर्चीतला माणूस विचारतो, “डॉक्टर, ही गाठ आहे का?” दवाखाना नवा होता तेव्हा माझ्याकडे तयार उत्तर असायचं. डाग लहान आणि कडा पुसट असली तर ग्रॅन्युलोमा, मोठा, गोल आणि भोवती पांढरी रेघ असली तर सिस्ट, चेहरा सुजलेला असला तर ॲब्सेस. परीक्षेत या उत्तराला मार्क मिळतात. आता मी पेशंटला एवढंच सांगतो : इथलं हाड विरघळलंय. त्याच्या जागी काय बसलंय, ते फोटोत दिसत नाही.

तिघांचा उगम एकच. किडीने किंवा माराने दाताची नस मरते. मेलेल्या नसेच्या पोकळीत जंतू घर करतात. तिथे रक्त पोचत नसल्याने शरीराला त्यांना गाठता येत नाही, म्हणून शरीर मुळाच्या टोकाबाहेर फळी उभारतं आणि त्यासाठी हाड मागे सरतं. त्या जागी बारीक रक्तवाहिन्या आणि लढणाऱ्या पेशी असलेला मऊ, लालसर लगदा तयार होतो, तो ग्रॅन्युलोमा. जंतूंची सरशी झाली आणि पू साठला तर ॲब्सेस. सिस्टची गोष्ट थोडी वेगळी आहे. मूळ घडत असताना मागे उरलेल्या काही पेशी मुळाभोवती आयुष्यभर निजलेल्या असतात. मालासे या फ्रेंच संशोधकाच्या नावाने त्या ओळखल्या जातात. दाहामुळे त्या जाग्या होतात, वाढतात, आणि आतून अस्तर असलेली द्रवाची पिशवी तयार होते. एकाच आजाराची ही तीन रूपं आहेत. आज ग्रॅन्युलोमा असलेल्या जागी पुढच्या महिन्यात पू भरू शकतो.

आता फोटोचं बघू. क्ष-किरण हाडात अडतात, मऊ भागातून बऱ्यापैकी पार जातात. पू, द्रव आणि लगदा या तिघांतून ते जवळजवळ सारखेच जातात, त्यामुळे तिन्ही काळेच उमटतात. त्यातही तो काळेपणा उशिरा येतो. त्या जागच्या हाडातला साधारण तीस ते पन्नास टक्के क्षार गेल्याशिवाय डोळ्याला फरक कळत नाही. अमेरिकेतल्या बेंडर आणि सेल्टझर यांनी १९६१ मध्ये मृत माणसांच्या जबड्यांत मुद्दाम खड्डे कोरून फोटो काढले. आतल्या जाळीदार हाडातले खड्डे दिसेनात. बाहेरच्या टणक कवचाला धक्का लागला तेव्हाच ते उमटले. म्हणजे फोटोतला डाग प्रत्यक्षातल्या पोकळीपेक्षा लहान असतो, आणि कधी पोकळी असूनही डाग नसतो.

नेमकं हेच ॲब्सेसमध्ये घडतं आणि पेशंट वैतागतो. रात्रभर ठणका, गाल सुजलेला, जीभ लागली तरी कळ येते, आणि फोटो मात्र स्वच्छ. “एवढं दुखतंय आणि फोटोत काहीच नाही?” पू दोन दिवसांत होतो, हाड विरघळून दिसायला आठवडा-दहा दिवस किंवा त्याहून जास्त लागतात. अशा वेळी फार तर मुळाभोवतीची काळी रेघ किंचित रुंदावलेली दिसते. त्यामुळे तीव्र ॲब्सेसचं निदान फोटोवर होत नाही. आरशाच्या दांड्याने दातावर हलकं टिचकावलं की पेशंट दचकतो, बोट लावलं की हिरडी फुगलेली आणि लिबलिबीत लागते, त्यावरून ते होतं. आणि मोठा डाग असलेला माणूस सुजून आला, तर तो डाग ॲब्सेसचा नसून जुन्या ग्रॅन्युलोमाचा किंवा सिस्टचा असू शकतो. सूज कालची असते, डाग वर्षांपूर्वीचा.

जुनाट ॲब्सेस दुखत नाही, कारण पू वाट काढून बाहेर पडत असतो. उरणकडच्या एक मावशी आल्या होत्या. खालच्या हिरडीवर तांदळाच्या दाण्याएवढी पुळी, दाबली की पू येई, मग आठ दिवस बरं वाटे. त्या शेवटच्या दाढेवर बोट ठेवून म्हणाल्या, “हीच काढा.” पुळीच्या तोंडातून गटापर्चाची, म्हणजे रूट कॅनालमध्ये भरतात त्या रबरासारख्या पदार्थाची, पंचवीस नंबरची काडी हळूहळू आत सरकवली. ती अडली तिथे थांबलो, जोर केला नाही, आणि काडीसकट फोटो घेतला. पांढरी काडी वळत वळत पुढच्या दाढेच्या मागच्या मुळाच्या टोकाशी जाऊन टेकली होती. शेवटची दाढ निर्दोष होती. पुढच्या दाढेखालच्या डागाला ‘जुनाट ॲब्सेस’ म्हणायला कारण मिळालं ते त्या पुळीमुळे. नुसत्या डागाने ते कधीच सांगितलं नसतं.

या तिघांत निवड करण्याआधी एक प्रश्न सुटायला हवा : दात मेलाय का? खालच्या उपदाढांजवळ हनुवटीच्या नसेचं छिद्र नेमकं मुळाच्या टोकावर येऊन बसतं आणि हुबेहूब डागासारखं दिसतं. मध्यमवयीन स्त्रियांच्या खालच्या पुढच्या दातांखाली हाडाचाच एक निरुपद्रवी बदल सुरुवातीला काळा दिसतो. दोन्हीकडे दात जिवंत असतात. म्हणून कापसाचा बोळा गार स्प्रेने गोठवून आधी शेजारच्या निरोगी दाताला लावतो, मग संशयिताला. जिवंत दात गारव्याला उत्तर देतो. उत्तर आलं तर ड्रिल खाली ठेवायचं. जिवंत दाताचं रूट कॅनाल केवळ सावलीवरून झालेलं मी पाहिलंय, आणि ते पाहवत नाही.

आता ज्या केसने मला धडा शिकवला ती. चौतीस वर्षांचा ट्रान्सपोर्टवाला गृहस्थ. कॉलेजात असताना क्रिकेटचा चेंडू वरच्या पुढच्या दातांना लागला होता. दुखणं नाही, पण सुळ्याशेजारचा दात राखाडी झालेला. बोळ्याला शेजारचे दोन दात लगेच कळवळले, हा गप्प. फोटोत मुळाच्या टोकाशी बारा मिलीमीटर व्यासाचा गोल डाग, भोवती बारीक पांढरी रेघ. ‘सिस्टच, काढून टाकावी लागेल’ असं त्याला एकाने आधी सांगितलं होतं आणि तो घाबरून आला होता.

खरं तर पुस्तकी नियमातही ते इतकं पक्कं नव्हतं. डाग दोनशे चौरस मिलीमीटरच्या पुढे, म्हणजे साधारण सोळा मिलीमीटर व्यासाचा असला, तर सिस्टची शक्यता खूप मोठी मानतात. बारा मिलीमीटरचं वर्तुळ जेमतेम एकशे तेरा चौरस मिलीमीटरचं. पांढऱ्या रेघेचाही भरवसा नाही. सावकाश वाढणाऱ्या कोणत्याही गोष्टीभोवती हाड कड घट्ट करतं, ग्रॅन्युलोमाभोवतीसुद्धा. रेघ आणि सूक्ष्मदर्शकाखालचं निदान ताडून पाहिलं तेव्हा दोघांचं नातं कच्चंच निघालं.

बरं, सूक्ष्मदर्शक तरी एकमताने बोलतो का? १९६६ मध्ये एस. एन. भास्कर यांनी अमेरिकेत २३०८ नमुन्यांचा अभ्यास छापला. त्यात जवळजवळ ४२ टक्के सिस्ट. तीस वर्षांनी, १९९६ मध्ये, झुरिचच्या पी. एन. रामचंद्रन नायर आणि सहकाऱ्यांनी २५६ नमुने तपासले. ग्रॅन्युलोमा निम्मे, ॲब्सेस ३५ टक्के, सिस्ट फक्त १५. आजार बदलला नव्हता, कापण्याची पद्धत बदलली होती. ऑपरेशनमध्ये खरवडलेले तुकडे मधूनच कापले की त्यात अस्तराच्या पेशींचा धागा दिसतो आणि ‘सिस्ट’ लिहिलं जातं. नायर यांनी दाताला अखंड चिकटलेले नमुने घेतले आणि एकामागोमाग एक काप पाहिले. निम्म्याहून जास्त नमुन्यांत अस्तराच्या पेशी होत्या, पण बंद पिशवी फार थोड्यांत. खरवडलेल्या तुकड्यांनाही जे ठामपणे सांगता येत नाही, ते मी सावलीवरून सांगत होतो. हा अभ्यास पहिल्यांदा नीट वाचला तेव्हा मला जुने कितीतरी रिपोर्ट आठवले.

नायर यांनी आणखी एक भेद स्पष्ट केला, आणि उपचाराला तोच जास्त उपयोगी आहे. काही सिस्टची पिशवी मुळाच्या छिद्राकडे उघडी असते, कुपीचं तोंड मुळाला लावल्यासारखी. नळी स्वच्छ झाली की तिचं पोषण तुटतं आणि ती बहुधा आटते. काही पिशव्या सगळीकडून बंद, मुळापासून वेगळ्या असतात. त्या रूट कॅनालला दाद देतीलच असं नाही. फोटोत दोन्ही सारख्याच.

म्हणून त्या गृहस्थाला म्हटलं, आधी रूट कॅनाल, ऑपरेशनचं नंतर बघू. दात उघडल्यावर नळीतून पिवळसर पातळ द्रव आला, उजेडात त्यात बारीक चमक दिसली. कोलेस्टेरॉलचे स्फटिक असे चमकतात आणि सिस्टमध्ये ते बऱ्याचदा सापडतात, पण ग्रॅन्युलोमातही सापडतात. रबर डॅम लावून नळी धुतली, कॅल्शियम हायड्रॉक्साइड भरून तीन आठवडे ठेवलं, नळी कोरडी राहू लागल्यावर कायमची भरली. सहा महिन्यांनी त्याच कोनातून, त्याच होल्डरने फोटो घेतला. कोन बदलला तर डाग उगाच लहान-मोठा दिसतो, म्हणून हे पाळावं लागतं. बारा मिलीमीटरचे आठ झाले होते, कडेकडून हाडाच्या जाळीचे धागे आत येत होते. दीड वर्षाने टोकाशी फक्त किंचित रुंद रेघ उरली. ते काय होतं? ग्रॅन्युलोमा असेल, उघड्या तोंडाची सिस्ट असेल. कोणी कापून पाहिलं नाही, पाहायची गरजही उरली नाही.

थ्री-डी स्कॅन, म्हणजे सीबीसीटी, आता आमच्याकडे सहज होतो. टणक कवच कुठे फाटलं, सायनस किंवा नस किती जवळ आहे, हे तो उत्तम दाखवतो. ऑपरेशन ठरलं तर तो हवाच. पिशवीला अस्तर आहे का, हे मात्र त्यालाही भरवशाने सांगता येत नाही. सोनोग्राफीत द्रव आणि रक्तप्रवाह वेगळे कळतात, दिल्लीच्या एम्समधल्या डॉक्टरांनी २००८ मध्ये ते दाखवूनही दिलं, पण वरचं हाड पातळ झालेलं किंवा फुटलेलं असेल तरच ध्वनिलहरी आत शिरतात.

सगळ्यात स्वस्त तपासणी म्हणजे तारखेवर परत येणं. वर्षभराने डाग आकसत असेल तर थांबायचं, चार वर्षांपर्यंतही वाट पाहता येते. वाढत असेल, किंवा नळी नीट भरूनही जागचा हलत नसेल, तर टोक उघडून सगळा ऐवज बाहेर काढायचा आणि तो फॉर्मालिनच्या बाटलीत तपासणीला पाठवायचा. कचऱ्यात टाकायचा नाही. पनवेल तालुक्यातच कामोठ्याला आणि खारघरला दंत महाविद्यालयं आहेत, त्यांच्या मुख-विकृती विभागांत असे नमुने वाचणारी माणसं आहेत. बाटलीसोबतच्या कागदावर दात जिवंत होता की मेलेला, डाग किती मोठा होता, आधी काय केलं, हे लिहिलं नाही तर त्यांचेही हात बांधले जातात.

त्या गृहस्थानंतर वर्षभराने एका शाळेच्या बाईंची केस आली. खालच्या दाढेला पाच मिलीमीटरचा डाग, कडा पुसट, पांढऱ्या रेघेचा मागमूस नाही. पुस्तकाप्रमाणे सरळ ग्रॅन्युलोमा. रूट कॅनाल उत्तम झालं होतं. सहा महिन्यांनी पाच मिलीमीटर, वर्षाने पाच, दोन वर्षांनी सहा. मुळाचं टोक उघडलं, वाटाण्याएवढा तुकडा अखंड निघाला, बाटली गेली. दहा दिवसांनी रिपोर्ट आला : चारही बाजूंनी अस्तर, मुळाशी संबंध नसलेली बंद पोकळी. रॅडिक्युलर सिस्ट.