जेवणानंतरची उचकी थांबत नसेल तर…

बुऱ्हाणपुरात पंगतीत भरपेट जेवून वर मावा जिलेबी झाली की एखाद्याला हमखास उचकी लागते. पोट तट्ट फुगले की छाती आणि पोट यांमधला पडदा, म्हणजे श्वासपटल, डिवचले जाते. ते आचके देते आणि त्याच क्षणी घशातली स्वरयंत्राची फट मिटते. ‘हिक्’ आवाज येतो तो त्यामुळेच.

घरी काय कराल?
• खोल श्वास घेऊन 10 ते 15 सेकंद रोखा, मग सावकाश सोडा. असे तीन-चारदा करा.
• गार पाणी घोट घोट, न थांबता प्या.
• चमचाभर कोरडी साखर जिभेवर ठेवून गिळा. मधुमेहींसाठी आणि लहान मुलांसाठी हा उपाय टाळा.
• बसून गुडघे छातीशी घ्या, मिनिटभर तसेच राहा.
• सोडा, तंबाखू, दारू बंद ठेवा. डोळे दाबू नका.

डॉक्टरांकडे कधी?
उचकी 48 तासांहून अधिक टिकली किंवा तिच्यामुळे जेवण-झोप अशक्य झाली तर तपासणी करून घ्या. छातीत दुखणे, धाप, सतत उलट्या, तोंड वाकडे होणे, बोलणे अडखळणे किंवा हातापायातली ताकद जाणे यांपैकी काही सोबत असेल, तर घरगुती उपायांत वेळ न घालवता लगेच रुग्णालय गाठा.