तिसऱ्या दिवसाची नोंद

न्यूमोनियाच्या पेशंटच्या केसपेपरवर नुसतं ‘ऑक्सिजन ९४ टक्के’ लिहिलं, तर त्यावरून फारसं काही कळत नाही. समजा, ५८ वर्षांच्या एक मधुमेही बाई उजव्या फुप्फुसाच्या न्यूमोनियाने दाखल आहेत. आज तिसरा दिवस. काल नाकातल्या नळीतून मिनिटाला २ लिटर ऑक्सिजन चालू होता, तेव्हा बोटावरचं यंत्र ९४ दाखवत होतं. आजही ते ९४च दाखवतंय, पण त्यासाठी ४ लिटर लागताहेत. आकडा हलला नाही, बाई मात्र खालावल्या आहेत. म्हणून राउंडवरचा डॉक्टर आकड्याशेजारी लिटर लिहितोच.

तापही १०१ आहे. सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन आणि अ‍ॅझिथ्रोमायसिन सुरू होऊन ४८ तास उलटले, तरी उतार नाही. छातीच्या उजव्या बाजूला खाली बोटांनी ठोकलं तर आवाज बद्द येतो आणि स्टेथोस्कोपमध्ये श्वासही मंद ऐकू येतो. त्यामुळे नोंदीतली पहिली समस्या अशी होते: ‘न्यूमोनिया, उपचारांना प्रतिसाद नाही, फुप्फुसाभोवती पाणी किंवा पू असण्याची शंका.’ दुसरी समस्या साखर २८० असल्याची. तिसरी, बाई जेवत नाहीत.

या शंकेवरच पुढची योजना उभी राहते. आजच छातीची सोनोग्राफी करायची, पाणी असेल तर सुईने काढून तपासायचं. थुंकीची क्षयासाठी सीबीनॅट तपासणीही करायची. ताप हटत नाही म्हणून घाईने लिव्होफ्लॉक्सासिन सुरू करण्याचा मोह होतो, तो आवरायला हवा. ते क्षयाच्या जंतूंवरही थोडं चालतं, त्यामुळे पेशंटला तात्पुरता आराम पडतो आणि निदान लांबतं. ऑक्सिजन कमी पडत असताना मेटफॉर्मिन नको, म्हणून ती गोळी बंद करून इन्सुलिन लिहिलं जातं.

आता सिस्टरांसाठीच्या सूचना. माझ्या मते नोंदीचा हाच भाग सर्वांत जपून लिहावा. ‘लक्ष ठेवा’ एवढ्याने रात्रपाळीच्या सिस्टरला काय करायचं ते कळत नाही. त्याऐवजी असं लिहावं: ‘दर चार तासांनी श्वास पूर्ण एक मिनिट मोजा. ऑक्सिजन किती टक्के आणि किती लिटरवर, दोन्ही लिहा. श्वास ३० च्या वर गेले, वरचं बीपी १०० च्या खाली आलं, ९२ टिकवायला ५ लिटरपेक्षा जास्त लागलं किंवा बाई असंबद्ध बोलू लागल्या, तर लगेच कळवा. डोक्याकडून पलंग उंच ठेवा. जेवणाचं ताट समोर आल्यावरच इन्सुलिन द्या. खाल्लं नाही तर आधी विचारा.’

श्वास मोजण्याचा आग्रह उगाच नाही. अनेक तक्त्यांवर दिवसभर २०, २०, २० असंच भरलेलं दिसतं, कारण एक मिनिट उभं राहून मोजायला कुणाला वेळ मिळालेला नसतो. इथे मात्र रात्री दोन वाजता सिस्टरने मोजले, ३४ भरले, आणि केसपेपरवर आधीच लिहिलेल्या मर्यादेमुळे फोन करावा की नको, हा प्रश्न तिला पडलाच नाही.